एकच कढई, पाच ताटं

मागच्या वर्षी जूनमध्ये ह्यांच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली. वय 46, उंची 170 सेंटिमीटर, वजन 84 किलो, बेंबीपाशी कमरेचं माप 101 सेंटिमीटर. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. वजन सहा-सात किलोनं उतरवा आणि सहा महिन्यांनी दाखवा, एवढंच सांगितलं. आहारतज्ज्ञ बाईंनी एक छापील कागद दिला. त्यात सकाळी ओट्स, दुपारी उकडलेल्या भाज्या, रात्री सूप असं होतं. कागद वाईट नव्हता, पण तो एका माणसाचा होता. माझ्या स्वयंपाकघरात पाच माणसं जेवतात.

त्या पाचांत सासूबाई आहेत. त्यांचं वय 73 आणि वजन जेमतेम 44 किलो. पंधरा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी मैदानावर असतो आणि परतला की भिंत खाईल इतका भुकेलेला असतो. मुलगी अकराची आहे. आणि मी. म्हणजे कमी करायचं ते एकाच ताटातून, बाकीच्या चार ताटांतून काहीही काढायचं नाही. उलट सासूबाईंच्या ताटात थोडी भर पडली तर हवीच.

आधी मी दोन स्वयंपाक केले. ह्यांचं वेगळं, आमचं वेगळं. एकोणीस दिवस चाललं. सकाळी साडेपाचला उठून दोन कढया, दोन कुकर, आणि ताटावर बसल्यावर ह्यांची नजर मुलाच्या ताटातल्या भरल्या वांग्यावर. विसाव्या दिवशी मला ताप आला आणि ते बंद पडलं.

मग उलटं केलं, सगळ्यांनाच कमी तेलाचं. ही माझी मोठी चूक होती आणि ती सहा आठवडे माझ्या लक्षात आली नाही. ह्यांचं वजन थोडं उतरलं. पण एक दिवस सासूबाईंच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकताना दिसल्या, म्हणून त्यांना काट्यावर उभं केलं तर 42 किलो. त्यांची भूक मुळातच कमी आहे. त्या एक पोळी आणि दोन घास भात खातात, त्या दोन घासांत तेल-तूप असतं म्हणून त्यांचं भागतं. मी तेच काढून घेतलं होतं. मुलगा शिकवणीहून येताना रोज समोसे खाऊन येत होता, हेही त्याच आठवड्यात कळलं.

आमच्याकडे महिन्याला पाच लिटर फल्लीचं तेल लागत होतं, तूप वेगळं. एका रात्री मी कागदावर मांडून पाहिलं. एक लिटर तेल वजनाला साधारण 910 ग्रॅम भरतं. पाच लिटरचे साडेचार किलोच्या वर. तीस दिवसांनी आणि पाच माणसांनी भागलं तर माणशी रोज 30 ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात, म्हणजे माणशी 270. पण तेल काही सारखं वाटलं जात नाही. जो जास्त भाजी घेतो त्याच्या पोटात जास्त तेल जातं. ह्यांचा वाटा मी 45 ग्रॅम धरला, म्हणजे दिवसाला चारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. भात नाही, पोळी नाही, फक्त फोडणी. हा आकडा पाहिल्यावर ओट्स आणि सूप मी मनातून काढून टाकलं. जेवण तेच ठेवायचं आणि ह्यांच्या वाट्याचं तेल 15 ग्रॅमवर आणायचं, म्हणजे चहाचे तीन चमचे.

पण एका कढईत पाच जणांची भाजी शिजत असेल तर एकाच्या वाट्याचं तेल बाहेर कसं काढायचं?

वाट सासूबाईंनी दाखवली. श्रावणात गोळाभात केला होता. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, हरभऱ्याच्या भरडीचे गोळे भातात शिजवतात आणि ताटात वाढल्यावर वरून हिंग, मोहरी आणि लाल मिरचीची फोडणी दिलेलं गरम तेल घेतात. भात शिजताना त्यात तेल जवळजवळ नसतंच. मी वाढत होते आणि सासूबाई म्हणाल्या, "माये, याच्यात तं तेल वरूनच घेतो नं आपण. ज्याला जेवढं पाहिजे तेवढं. मंग बाकीच्यात काहून नाही?"

मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले. आमच्याकडे भाकरी-ठेच्यावर कच्चं तेल घेतात, वरणावर लसणाची फोडणी वरून घालतात. तेल ताटात घ्यायची रीत घरात होतीच.

दुसऱ्या दिवसापासून मी घरातला प्रत्येक पदार्थ एकाच प्रश्नानं पाहायला लागले, याचं तेल शेवटी कुठे जातं? तीन उत्तरं मिळाली. काही पदार्थांत तेल वरून पडतं, काहींत ते पदार्थात मुरतं, आणि काहींत ते शिजून वर तरंगतं. तिन्हींना वेगवेगळं वागवावं लागलं.

वरून पडणारं सोपं. वरण, डाळभाजी, कढीगोळे, भरीत, कोशिंबीर, फुलका. या सगळ्यांत मी तेल शेवटी आणलं. डाळभाजीत तूरडाळ, थोडी हरभऱ्याची डाळ, पालक आणि फल्लीदाणे शिजवून घोटून, मीठ-चिंच घालून गंज खाली उतरवते. मग छोट्या कढल्यात फोडणी करते. ह्यांची वाटी आधी भरून त्यावर मोजून एक चमचा, उरलेली फोडणी गंजात. भरीतही तसंच. वांगी भाजून, त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची आणि सांबार घालून कालवायचं. (नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) ह्यांचं बाजूला काढलं की फोडणी उरलेल्यावर. कणीक बिनतेलाची मळते, पहिले चार फुलके ह्यांचे कोरडे, मग त्याच कणकेच्या बाकीच्यांसाठी तेल लावून घडीच्या पोळ्या. 25 ग्रॅम पिठाच्या कोरड्या फुलक्यात 85 कॅलरी असतात. माझ्या घडीच्या पोळीत 40 ग्रॅम पीठ आणि चमचाभर तेल जातं, ती 175 ची होते. ह्यांच्या चार पोळ्यांचे चार फुलके झाले, तेव्हा मोजणीत तेवढीच पोळीची संख्या राहिली आणि ह्यांना कमी वाढल्यासारखं वाटलं नाही.

दुधाचंही हेच. तापवून थंड झाल्यावर जी साय येते ती जाड काढून सासूबाईंच्या वाटीत आणि विरजणात जाते, ह्यांचं दही खालच्या दुधाचं लावते.

मुरणाऱ्या तेलानं मात्र मला रडवलं. वांगी तळून घातली की स्पंजासारखं तेल पितात आणि मग ते कोणत्याही उपायानं परत येत नाही. बटाट्याच्या काचऱ्या, पोहे आणि सगळ्यांत अवघड म्हणजे चून. झुणक्याला आम्ही चून म्हणतो. आठवड्यातून दोनदा होतो आणि भाकरीबरोबर तो ह्यांचा जीव की प्राण आहे.

माझ्या जुन्या चुनात 150 ग्रॅम बेसन, 200 ग्रॅम कांदा आणि हाताच्या अंदाजानं तेल पडायचं. एकदा ते तेल ओतण्याआधी मापात घेतलं तर 80 मिलिलिटर भरलं. बेसनाच्या साधारण 560 कॅलरी, कांद्याच्या 80, आणि तेलाच्या 655. म्हणजे आम्ही ज्याला बेसनाचा पदार्थ समजत होतो त्यातल्या निम्म्याहून जास्त कॅलरी तेलाच्या होत्या. तयार चून 560 ग्रॅम भरला. ह्यांच्या ताटात 160 ग्रॅम, म्हणजे 370 कॅलरी, भाकरी वेगळी.

पहिल्यांदा मी नुसतं तेल कमी केलं, 80 चं 20. चून कोरडाठाक झाला, घशात अडकला आणि बेसन कच्चं लागलं. मुलीनं ताट सरकवलं. कारण नंतर लक्षात आलं. बेसन शिजायला उष्णता सगळीकडे सारखी पोचावी लागते. भरपूर तेल असलं की ते काम तेल करतं आणि दाण्यादाण्याभोवती जाऊन त्यांना मोकळंही ठेवतं. तेल काढलं तर ती दोन्ही कामं दुसऱ्या कशाला तरी द्यावी लागतात.

चार-पाच वेळा बिघडल्यावर जमलं ते असं. बेसन आधी कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून बाजूला काढायचं. रंग बदलू द्यायचा नाही, नाही तर चून कडवट होतो. कच्चा वास इथंच जातो. कांदा दुप्पट, 400 ग्रॅम. 20 मिलिलिटर तेलात मोहरी, जिरं, लसूण, हिरवी मिरची, मग कांदा आणि लगेच मीठ. मीठ आधी पडलं की कांद्याला पाणी सुटतं आणि तो त्या पाण्यात मऊ होतो. वर झाकण. करपायला लागला तर तेल न घालता दोन चमचे पाणी शिंपडायचं. कांदा पूर्ण मऊ झाल्यावर भाजलेलं बेसन भुरभुरायचं, सराट्यानं हलवायचं आणि कढत पाण्याचे हबके मारत झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं वाफ आणायची. पाणी थंड घातलं तर गोळे होतात. शिजला की नाही हे बोटांत धरून कळतं. कच्चा चून चिकटतो, शिजलेला भुरभुरीत सुटतो आणि बेसनाचा रंग थोडा गडद होतो.

हा चून 640 ग्रॅम भरला आणि सगळ्या मिळून 884 कॅलरी. ह्यांचे 160 ग्रॅम आता 221 चे. दीडशे कॅलरी एका पदार्थात, एका जेवणात उतरल्या. उरलेलं 60 मिलिलिटर तेल लसूण आणि लाल तिखट घालून कढल्यात गरम करते आणि चार ताटांत चुनात खळगा करून त्यात ओतते. सासूबाईंच्या खळग्यात जरा जास्त. मुलाला हा चून जुन्यापेक्षा आवडतो, कारण तेल जिभेला आधी लागतं.

वजन करण्याबद्दल इथंच सांगते, कारण अनेकजणी मला विचारतात की एका कढईतल्या भाजीचा हिशेब लागतो कसा. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, पाच किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला काटा मिळतो, तो आणला. प्रत्येक गंज आणि कढई रिकामी तोलून तिच्या वजनाचा आकडा एका कागदावर लिहून तो ओट्याजवळ चिकटवला. कच्चं जिन्नस घालतानाच तोलायचं, कारण शिजल्यावर पाणी वाढतं किंवा आटतं आणि पाण्याला कॅलरी नसतात. शेवटी भांड्यासकट तोलून भांड्याचं वजन वजा करायचं. सगळ्या कॅलरी भागिले तयार वजन, म्हणजे ग्रॅमचा भाव निघाला. गरम कढई थेट काट्यावर ठेवू नये, माझा पहिला काटा तसाच बिघडला. काट्यावर आधी लाकडी पोळपाट ठेवून आकडा शून्य करायचा. हे सगळं मी रोज केलं नाही. घरात फिरून फिरून पंधरा-सोळा पदार्थच होतात. प्रत्येकाचं एकदा नीट केलं, वहीत लिहिलं, आणि त्यानंतर फक्त ह्यांची वाटी तोलली. दोन महिन्यांनी तीही हाताला कळायला लागली.

आता रस्सा. रविवारी आमच्याकडे सावजी पद्धतीचं चिकन होतं आणि ते बंद करायला कोणीच तयार नव्हतं, मीही नाही. एक किलो चिकनला 150 मिलिलिटर तेल. तेल कमी करून पाहिलं, पण मसाला कढईला लागला आणि रस्सा कडवट झाला. सावजीत मसाला तेलात दीर्घकाळ परतला जातो, तिखटाचा रंग आणि वास तेलातच उतरतो. चुनाची युक्ती इथं चालत नाही, म्हणून इथं तेल आधी पूर्ण घालायचं आणि नंतर काढायचं असं ठरवलं.

शिजल्यावर गॅस बंद करून गंज वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवते. उकळत्या रश्शात तेल आत घुसळलेलं असतं, स्थिर झाल्यावर ते वर येतं. मग पळीचा काठ पाण्याशी समांतर धरून तर्री हळूहळू एका उभ्या काचेच्या पेल्यात काढते. काच अशासाठी की खाली रस्सा आणि वर तेल असे थर दिसतात आणि किती निघालं ते मोजता येतं. पहिल्यांदा पेल्यात 70 मिलिलिटरच्या आसपास तेल दिसलं, म्हणजे घातलेल्याच्या जवळपास अर्धं. ह्यांची वाटी या वेळी भरायची, मग पेला परत गंजात ओतून ढवळायचं आणि बाकीच्यांना तर्रीसकट वाढायचं. हा क्रम एकदा उलटा झाला. पाहुणे होते, गडबडीत ह्यांना शेवटी वरची पळी गेली. तेव्हा जाणवलं की ग्रॅमचा भाव रश्शाला लावताच येत नाही. एकाच गंजातली वरची वाटी आणि खालची वाटी हे दोन वेगळे पदार्थ असतात.

तरी तीन रविवार झाले आणि वजन माझ्या हिशेबानं उतरेना. तेव्हा मी मसाल्याच्या वाटणाकडे पाहिलं. त्यात 60 ग्रॅम सुकं खोबरं आणि वर खसखस. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो. म्हणजे तेलाच्या बुधलीला हात न लावता सुमारे 40 ग्रॅम स्निग्ध त्या वाटणातून रश्शात गेलं होतं. वाटलेल्या खोबऱ्यातलं बरंचसं स्निग्ध त्या वाटणातच धरलेलं राहतं, ते तर्रीबरोबर निघत नाही. वाटण अर्धं केलं तर चव गेली. मग ह्यांच्या वाटीचं प्रमाण बदललं, चार तुकडे चिमट्यानं उचलून आणि रस्सा फक्त भाकरी भिजण्यापुरता, दोन पळ्या. चिकनचा तुकडा उलट एक जास्त दिला, पोट त्यानंच भरतं.

सोमवारी सकाळी वजन हमखास किलोभर वाढलेलं दिसायचं आणि ह्यांचा चेहरा उतरायचा. ते मीठ आणि त्यानं धरलेलं पाणी असतं, एका रात्रीत किलोभर चरबी होत नाही. एक किलो चरबीसाठी साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. म्हणून रोजचा आकडा वहीत लिहायचा, पण पाहायची ती आठवड्याची सरासरी. दोन-तीन आठवडे सरासरीच हलली नाही, तर मात्र स्वयंपाकघरात कुठेतरी गळती आहे असं समजायचं.

गळती शोधायला एक साधी खूण केली. तेलाचं नवं पाकीट फोडलं की त्यावर पेननं तारीख लिहायची. दिवाळीत फराळामुळे पाकिटं कशी संपली ते दिसतंच होतं, त्या चार आठवड्यांत ह्यांचं वजन जागचं हललं नाही आणि आम्ही त्याबद्दल बोललोही नाही. पण डिसेंबरातही पाकीट पाच दिवसांत संपायला लागलं. शोधलं तर कारण मीच होते. थंडीत सकाळी रोज पोहे होत होते आणि पोहे मी मोजत नव्हते, हाताच्या अंदाजानं ओतत होते. पोहे मुरणाऱ्यांतले, त्यांतून तेल निघत नाही. आता ते दोन चमचे तेलात होतात आणि बाकीच्यांसाठी वरून चण्याच्या रश्शाची गरम तर्री असते, शेवटी नागपूरच आहे. ह्यांच्या ताटात तर्रीऐवजी खालचा चण्याचा रस्सा.

घरातलं एकूण तेल फार कमी झालं नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. पाच लिटरचं सव्वाचार झालं, एवढंच. बाकीच्यांचं त्यांच्या ताटात पोचतंय याची तीच खात्री आहे.

सहा महिन्यांनी, डिसेंबरच्या शेवटी, ह्यांचं वजन 78.4 किलो आणि कमर 95 होती. डॉक्टरांनी सांगितलेल्यापेक्षा किंचित कमीच उतरलं, पुढची सोनोग्राफी मार्चमध्ये आहे. सासूबाई परत 44 वर आल्या. त्यांच्या ताटाशेजारी आता फोडणीच्या तेलाची एक छोटी पितळी वाटी कायमची असते. काल त्यांनी ती ह्यांच्याकडे सरकवली आणि लगेच मागे ओढली, "तुझ्यासाठी नाही ते," म्हणाल्या.